ग्रामनामांची ध्वनिमाला : पुलगावच्या उदाहरणासह एक योजना

(१) गेल्या दिवाळीत आमचे एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास पुलगावी आले होते. व्यवसाय हिशेबनिसाचा, पण ओढा इतिहासाकडे. फोनवर वाटेल तेव्हा ऐकता येणारी, भागाभागांनी प्रसिद्ध होणारी जी ध्वनिमाला, जिला सर्वत्र पॉडकास्ट असे म्हणतात, तशी एक आपण चालवावी असा त्यांचा मानस होता. त्यांची अडचण त्यांनी थोडक्यात सांगितली. ते म्हणाले, "सर, शिवाजीमहाराजांवर बोलणारे झाले, पेशव्यांवर झाले, पानिपतावर तर रोज कोणी ना कोणी बोलतोच. मी आणखी एक कशाला? जेथे गर्दी नाही अशी एखादी जागा सांगा." प्रश्न वाजवी होता. त्याचे उत्तर देण्यास आम्हांस तीन महिने लागले. त्या शोधात आमची स्वतःची एक जुनी चूक आमच्या पदरात पडली. ती उत्तराचाच भाग असल्यामुळे तिच्यासह ही हकीकत येथे देत आहोत.

(२) गर्दी विषयाची असते असे सामान्यतः मानतात. आमच्या मते ती विषयाची नसून साधनांची असते. एखादी ध्वनिमाला गर्दीत पडेल की नाही हे पाहावयाचे असल्यास तिला तीन प्रश्न विचारावे. पहिला असा की, तिचा मजकूर छापील पुस्तकांतून घरबसल्या मिळण्याजोगा आहे काय? असल्यास तीच पुस्तके दुसऱ्या शंभर जणांच्या कपाटात आहेत, आणि ती त्यांनी आज उघडली नसली तरी उद्या उघडतील. दुसरा असा की, बोलणारा मनुष्य पुण्यामुंबईस बसून तेच काम करू शकेल काय? करू शकत असल्यास पुलगावी राहण्याचा त्यास काही लाभ नाही. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भागाचा मजकूर जशाचा तसा छापला तर काही गमावते काय? काहीच गमावत नसेल, तर तो निबंध होय. मोठ्याने वाचल्याने तो ध्वनीचा प्रकार बनत नाही.

(३) या तीन कसोट्यांवर आम्ही उभयतांनी तीन कल्पना घासून पाहिल्या. पहिली कल्पना 'एक भाग, एक कागद' ही. जुन्या घरांतील मोडी दस्त, पावत्या, वतनाचे कागद यांपैकी दर खेपेस एक घेऊन तो वाचून दाखवावा. साधन दुर्मिळ, म्हणजे पहिल्या कसोटीस ती उतरते. परंतु मोडी वाचनातील खरा रस अक्षराच्या वळणात आहे. 'हे अक्षर व की न' हा वाद डोळ्यांपुढे घडतो, कानास तो कळत नाही. ही कल्पना चित्रफितीस योग्य, ध्वनीस नव्हे.

दुसरी कल्पना पुलगाव ते आर्वी या अरुंद मापाच्या रेल्वेची. १९१७ साली सुरू झालेली ही पस्तीस किलोमीटरांची गाडी. दर स्थानकास एक भाग द्यावा असा विचार होता. कल्पना गोड आहे, आणि गाडीवर काम केलेली वा तीतून शाळेस गेलेली माणसे अद्याप भेटतात. परंतु गाडी बंद पडलेली आहे. तिची शिटी, तिचा सांधे बदलण्याचा खडखडाट, हे पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही. मग उरते ते आठवणींचे निवेदन, आणि तिसऱ्या कसोटीपाशी ते अडखळते. या गाडीचा मार्ग मात्र आम्ही सोडला नाही, कारण तिसऱ्या कल्पनेस त्याचाच आधार झाला.

तिसरी कल्पना ग्रामनामांची. दर भागास एक गाव घ्यावे. त्या गावचे नाव तेथील वृद्ध मनुष्य कसे उच्चारतो ते ऐकवावे. त्या नावाच्या ज्या व्युत्पत्ती लोक सांगतात त्या मांडाव्या, आणि उच्चाराच्या साक्षीने त्यांतील कोणती टिकते, कोणती पडते हे श्रोत्याच्या कानासमोर ठरवावे. ग्रामनामांचा विचार आपल्याकडे नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी त्यात पुष्कळ लक्ष घातले होते. परंतु तो सर्व विचार लिखित रूपांवर उभा आहे. गावकऱ्याच्या तोंडचे नाव हे साधन छापील पुस्तकात नाही, पुण्यास बसून मिळत नाही, आणि कागदावर उतरविले की त्यातील नेमका पुरावाच निसटतो. तिन्ही कसोट्यांस उतरणारी ही एकच कल्पना आम्हांस आढळली. ती कशी चालते हे पुलगावच्याच नावावरून दाखवितो.

(४) मुंबईकडून नागपुरास जाताना वर्धा नदी ओलांडली की पुलगाव लागते. नदीवर रेल्वेचा पूल आहे, त्यावरून गावास नाव पडले असे जो तो सांगतो. आम्ही शाळेत संस्कृत शिकवीत असता आम्हांस ही व्युत्पत्ती फार उथळ वाटे. संस्कृतात 'पुलिन' असा सुंदर शब्द आहे. नदीच्या पाण्यातून वर आलेला किंवा काठाचा वाळवंटी भाग म्हणजे पुलिन. वर्धेच्या काठावरील गाव, मग 'पुलिनग्राम' हेच मूळ असणार, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. फळ्यावर पुलिनग्राम, त्याखाली पुलगाव, असे लिहीत असू. मुले ते उतरून घेत. त्यांपैकी काही आज स्वतः शिक्षक आहेत आणि तेही तसेच सांगतात, असे आमच्या या विद्यार्थ्यानेच आम्हांस सांगितले. त्याच्या पहिल्या भागाचा विषयही त्याने 'पुलिनग्राम' हाच ठरविला होता.

ही व्युत्पत्ती चुकीची आहे. ती चुकीची कशावरून, हे कळण्यास मराठीतील एक ध्वनिनियम ठाऊक असावा लागतो. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताच्या मराठीवरील ग्रंथात, ज्याचे वा. गो. परांजपे यांनी केलेले भाषांतर १९४१ साली प्रसिद्ध झाले, या गोष्टीचा विचार आहे. नियम असा : संस्कृत-प्राकृतातील एकेरी ल दोन स्वरांमध्ये आला की मराठीत त्याचा ळ होतो. प्राकृतात तो दुहेरी, म्हणजे ल्ल, असेल तर मराठीत ल राहतो. एकच जोडी घेऊन पाहा. समय या अर्थाचा संस्कृत 'काल' मराठीत 'काळ' झाला, कारण तेथे ल एकेरी आहे. उलट आजच्या आधीचा दिवस या अर्थाचा मराठी 'काल' हा संस्कृत 'कल्य', प्राकृत 'कल्ल' यापासून आला. तेथे ल दुहेरी होता म्हणून तो ल राहिला. याच न्यायाने फल याचे फळ, मूल याचे मूळ झाले, पण फुल्ल याचे फूल आणि भल्ल याचा भाला झाला.

आता 'पुलिन' घ्या. त्यातील ल एकेरी आणि दोन स्वरांमध्ये आहे, म्हणून मराठीत तेथे ळ यावयास हवा. तसा तो आलाही आहे. वाळवंटास मराठीत 'पुळण' म्हणतात, ते या 'पुलिन' शब्दाचेच रूप. तेव्हा पुलिनग्राम असते तर आज आपण 'पुळणगाव' किंवा निदान 'पुळगाव' म्हणालो असतो. 'पुलगाव' म्हटले नसते. पुळण हा शब्द आम्ही जन्मभर वापरला, पण तो फळ्यावरच्या पुलिनाशेजारी ठेवून पाहण्याचे आम्हांस कधी सुचले नाही.

याच तालुक्यातील देवळी या गावाचे नाव साक्षीस उभे करता येते. संस्कृत देवकुल, त्यापासून देऊळ, आणि त्याच शब्दकुटुंबातील देवळी. 'कुल' यातील एकेरी ल येथे नियमाप्रमाणे ळ झालेला आहे. म्हणजे संस्कृतापासून परंपरेने आलेले नाव या भागात ळ घेऊन येते, हे शेजारच्या गावावरूनच दिसते.

(५) येथे एक शंका निघते, आणि ध्वनिमुद्रणाची गरज नेमकी या शंकेतून उत्पन्न होते. आपण 'पुलगाव' असे ल लिहितो, पण तो ल गावकऱ्यांचा कशावरून? रोमन लिपीत ल आणि ळ यांस एकच अक्षर आहे. रेल्वेची पाटी, टपालाचा शिक्का, जमाबंदीचे जुने तक्ते ही सर्व आधी इंग्रजीत तयार झाली. त्यांवरून नाव पुन्हा नागरीत उतरविताना ळ हरवला नसेल कशावरून? अशी उदाहरणे आहेत. शेजारचे यवतमाळ इंग्रजीच्या वाटेने हिंदीत 'यवतमाल' होऊन बसले. मुंबईचे शीव तर इंग्रजी अक्षरांतून परत येताना 'सायन' होऊन आले. देवळीही इंग्रजीत ल-नेच लिहितात. म्हणून पाटीवरील ल हा पुरावा नव्हे. पाटी वाचून नव्हे, तर आईबापांच्या तोंडून ऐकून ज्याने गावाचे नाव शिकले, त्याचा उच्चार हा पुरावा.

आमच्या भागात हा पुरावा ओळखण्याची एक विशेष सोय आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ळ हा पुष्कळदा य सारखा उच्चारतात. डोळा याचा डोया, केळे याचे केये, काळा याचा काया. ल मात्र ल-च राहतो. काल, फूल, भाला यांत बदल होत नाही. तेव्हा जुन्या बोलीचा मनुष्य 'डोया' म्हणतो आणि त्याच दमात 'पुलगाव' म्हणतो, तर त्याच्या तोंडी त्या नावात ळ कधीच नव्हता असे मानावे लागते. असता तर तो 'पुयगाव' म्हणाला असता. हा फरक लिहून सांगितला तर वाचकास आमच्यावर विश्वास ठेवावा लागतो. ऐकविला तर श्रोता स्वतःच न्यायाधीश होतो. ध्वनिमालेचा उपयोग तो हाच.

(६) आता मुद्रणाची रीत. आमचा पहिला प्रयत्न पूर्ण फसला आणि तो का फसला हे सांगणे अवश्य आहे. एका वृद्ध बाईंपुढे फोन ठेवून आम्ही सरळ विचारले, "आजी, तुम्ही पुलगाव म्हणता की पुळगाव?" आजी हसून म्हणाल्या, "तुम्ही म्हनान तेच खरं, गुरुजी." पुढे अर्धा तास त्या आमच्यासारखे बोलण्याचा प्रयत्न करीत होत्या. 'डोळा' हा शब्द त्यांनी इतका स्पष्ट उच्चारला की आमच्या वर्गात पहिल्या बाकावर शोभला असता. चूक आमची होती. नाव आम्ही आधी उच्चारले, आणि विचारणारा मास्तर होता.

दुसऱ्या खेपेस आम्ही अंगणात बसलो आणि प्रश्न आजींच्या नातीने विचारले. नाव कोणी उच्चारावयाचे नाही असे ठरले होते. "आजी, लहानपणी बाजाराला कुठं जायची?" असे तिने विचारले, आणि उत्तर आले, "पुलगावले." मग सोळा सोमवारांची गोष्ट निघाली, तीत 'सोया' आला. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली, तीत 'डोया' तीन वेळा आला. हे शब्द आम्ही आधी योजून ठेवले होते, पण ते गोष्टीच्या ओघात आले. याप्रमाणे वेगवेगळ्या घरांतील चार वृद्धांचे मुद्रण केले. चौघांच्याही तोंडी नावात ल होता. त्यांपैकी तिघे ळ चा य करणारे होते. चौथे गृहस्थ रेल्वेत नोकरी केलेले, ते ळ शुद्ध उच्चारीत. त्यांची साक्ष आम्ही दुय्यम मानली, कारण त्यांनी नाव पाटीवरून सुधारून घेतले नसेल असे सांगता येत नाही.

यावरून दर गावासाठी आठ शब्दांची एक ठराविक यादी केली : ळ चे चार, म्हणजे डोळा, सोळा, केळे, काळा, आणि ल चे चार, म्हणजे काल, फूल, भाला, माल. प्रत्येक गावी हेच आठ शब्द कोणत्या तरी निमित्ताने बोलवून घ्यावयाचे. यादी एकच असण्याचे कारण उघड आहे. ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीसाठी १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनवर निरनिराळ्या बोलींचे जे नमुने घेतले गेले, त्यांत उधळ्या पुत्राची एकच गोष्ट पुष्कळ बोलींत सांगविली होती. मजकूर एक असला म्हणजे फरक फक्त तोंडाचा उरतो.

साधने फारशी लागत नाहीत. साधा फोन आणि सदऱ्यास लावावयाचा लहान मायक्रोफोन पुरतो. तोंडापासून तो एक वीत अंतरावर असावा. पंखा बंद करावा, आणि सिमेंटच्या रिकाम्या खोलीऐवजी गाद्या-गोधड्या असलेली खोली निवडावी, कारण रिकाम्या खोलीतील घुमाऱ्यात ल आणि ळ यांची कड बोथट होते. फोनवरून बोलणे करून त्याचे मुद्रण मात्र कधीही घेऊ नये. साध्या फोनच्या तारेतून सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो, आणि व्यंजनांचा बारीक तपशील त्यात झिजतो. गोंगाट आपोआप काढून टाकणारी सोयही बंद ठेवावी, कारण ती पंख्याबरोबर व्यंजनांच्या कडाही पुसते.

मूळ मुद्रण न दाबलेल्या 'वेव्ह' प्रकारात ठेवावे. सेकंदास ४८,००० नमुने, १६ बिट, एक वाहिनी, या मापाने एका तासास सुमारे ३४६ मेगाबाइट जागा लागते. चार माणसे, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे दोन तास, म्हणजे सुमारे ७०० मेगाबाइट. आजच्या काळात ही जागा म्हणजे काहीच नव्हे. प्रसिद्ध करावयाचा अठरा मिनिटांचा भाग मात्र ६४ किलोबिटच्या एमपी३ मध्ये नऊ मेगाबाइटांच्या आत बसतो, आणि खेड्यातील मंद जोडणीवरही तो उतरतो.

(७) पुलिन पडले. मग पूल सिद्ध झाला काय? नाही, आणि येथेच हौशी संशोधकाची परीक्षा होते. 'पूल' हा फारशी शब्द. माल, साल, दलाल यांप्रमाणे तो ळ चा नियम होऊन गेल्यानंतर मराठीत आला, म्हणून त्याचा ल टिकला. उच्चार त्यास अनुकूल आहे. परंतु तो 'फूल' यासही तितकाच अनुकूल आहे. फुलगाव नावाची गावे महाराष्ट्रात आहेतच. फ चा प झाला असे कोणी म्हटल्यास त्यास आधार दुबळा आहे, कारण आरंभीच्या फ चा मराठीत सहसा प होत नाही, आणि आमच्या चौघांपैकी कोणाच्याही तोंडी फ चा लवलेश नव्हता. तरीही ल च्या साक्षीने पूल सिद्ध झाला असे म्हणणे म्हणजे एक आरोपी सुटला म्हणून दुसऱ्यास फाशी देणे होय.

पुलाचा निकाल उच्चाराने लागत नाही, तारखेने लागतो. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली खुला झाला, म्हणजे वर्धा नदीवरील पूल त्याच सुमाराचा. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला १८६२ साली, आणि जिल्ह्याचे ठाणे पालकवाडी येथे वसून त्याचे वर्धा झाले १८६६ साली. या पाचसहा वर्षांत या भागाच्या नकाशावर नवी नावे चढत होती हे त्यावरून दिसते. म्हणून पुरावा शोधावयाचा तो १८६० पूर्वीच्या कागदांत : भोसल्यांच्या अमदानीतील महसुली याद्या आणि पहिल्या जमाबंदीच्या वेळी केलेल्या गावांच्या नोंदी. त्यांत पुलगाव हे नाव सापडले, तर रेल्वेच्या पुलाची गोष्ट तेथेच संपते. शेजारचे नाचणगाव सापडले आणि पुलगाव नाही, तर पुलाची बाजू फार बळकट होते. एका यादीत न सापडल्याने मात्र काही सिद्ध होत नाही, कारण लहान वाड्या मोठ्या गावाच्या नावाखाली मोडत. निदान दोन वेगवेगळ्या याद्यांत नाचणगावच्या शेजाराची सर्व गावे असून हे एकच नसावे, अशी अट आम्ही घातली आहे.

नाचणगावावरून या पद्धतीची दुसरी मर्यादा कळते. ते नाव नाचणीवरून पडले असे कोणी सुचवितात. आमच्या काळ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस होतो, म्हणून ते पटत नाही. पण उच्चार येथे काहीच मदत करीत नाही. आमच्या बोलीत ण चा सरसकट न होतो, तेव्हा 'नाचनगाव' हा उच्चार मूळ न चा की ण चा हे ओळखता येत नाही. ज्या ध्वनींचा फरक बोलीनेच मिटविला आहे, तेथे कान साक्ष देऊ शकत नाही. अशा गावाचा भाग करू नये, किंवा केल्यास हेच त्यात सांगावे.

(८) यावरून पुलगावचा भाग आम्ही असा बसविला. पहिली दोन मिनिटे चार वृद्धांच्या तोंडून गावाचे नाव, निवेदन नाही. पुढील तीन मिनिटांत पुलिनाची बाजू शक्य तितकी जोरदार मांडावयाची, इतकी की श्रोत्यास ती पटावी. मग पाच मिनिटे काल आणि काळ, पुळण आणि देवळी, आणि लगेच आजींचा 'सोया' व 'पुलगावले' एकापाठोपाठ. नंतर चार मिनिटे फूल आणि पूल. शेवटची चार मिनिटे १८६७ आणि कोणता कागद सापडल्यास निकाल फिरेल याचे विवेचन, व ज्याच्या घरी तसा कागद असेल त्यास विनंती. निवेदनाचा वेग मिनिटास १२० शब्द धरला आणि वृद्धांच्या आवाजास पाच मिनिटे दिली, तर लिहावयाचा मजकूर सुमारे १,५०० शब्दांचा होतो. त्याहून जास्त लिहिले की वृद्धांचा आवाज कापला जातो. प्रत्येक लेखक तेथेच कात्री चालवितो, म्हणून हे आधीच ठरवून ठेवावे.

पुढील भाग आर्वीच्या वाटेने आणि देवळीच्या बाजूने जातात. विरूळ या नावाच्या अखेरीस ळ आहे, तो तोंडी कसा येतो ते ऐकण्यासारखे आहे. देवळीस राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२, म्हणजे इ. स. ९४०, चा ताम्रपट सापडला. त्यात दान दिलेल्या गावाच्या सीमा नावानिशी सांगितल्या आहेत. हजार वर्षांपूर्वीचे लेखकही शेजाऱ्यांच्या नावावरूनच गाव ओळखवीत, आणि आमची पद्धत तीच आहे. पवनार सर्वांत शेवटी ठेवले आहे. वाकाटकांचे प्रवरपूर ते हेच, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. इतर विद्वान रामटेकजवळील मनसरकडे बोट दाखवितात. अशा वादात उच्चाराची साक्ष किती तोकडी पडते हे, दहा भाग ऐकलेल्या श्रोत्यास, न सांगता कळेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. ज्याचे मुद्रण घ्यावयाचे त्याची संमती आरंभीच, त्याच मुद्रणात घ्यावी. आवाज नातवंडेही ऐकतील हे त्यास सांगावे, आणि भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी त्यास ऐकवावा. आणि पुलगावी लष्कराचे दारूगोळ्याचे भांडार आहे. त्याच्या आसपास फोन काढून मुद्रण करीत हिंडू नये. वृद्धांच्या घरी बसावे.

मुद्रणाबरोबर एक चिठ्ठी ठेवणे अत्यावश्यक आहे : गाव, तारीख, बोलणाऱ्याचे वय, जन्मगाव, शाळा किती झाली, आणि विचारणारा कोण. जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड काम हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी केले, व जे आता 'पारी' या संकेतस्थळावर ऐकावयास मिळते, त्यातील लाखाहून अधिक ओव्या आज उपयोगी पडतात, कारण ओवीबरोबर गाणारीचे व गावाचे नाव टिपलेले आहे. चिठ्ठी नसलेले मुद्रण म्हणजे तारीख नसलेले पत्र होय.

(९) आमच्या विद्यार्थ्याने 'पुलिनग्राम' हे नाव खोडून पहिल्या भागास 'ल की ळ' असे नाव दिले आहे. भागात पुलिनाची बाजू जोरदारपणे मांडावयाची आहे, ती आम्हीच आमच्या आवाजात मांडावी असा त्याचा आग्रह पडला, आणि आम्ही तो मान्य केला. चूक ज्याची, वकिलीही त्याचीच असावी.

एक गोष्ट मात्र त्या भागात नाही, ती येथे नोंदवून ठेवतो. आठ शब्दांची यादी घेऊन आम्ही पन्नाशीच्या आतील माणसांकडेही गेलो. त्यांच्या तोंडी 'डोया' क्वचितच आढळला. ते सर्व 'डोळा' म्हणतात. त्यांतील कित्येक आमच्याच वर्गात बसलेले. "केये नव्हे, केळे म्हण" असे आम्ही त्यांस शिकविले, आणि न जमल्यास पुन्हापुन्हा म्हणावयास लाविले. शुद्ध बोलणे शिकविणे हे आमचे कामच होते, त्याबद्दल पश्चात्ताप नाही. परंतु ज्या साक्षीदारांना आज आम्ही घरोघर शोधीत फिरतो, त्यांची पुढील पिढी आम्हीच फळ्यापुढे उभी करून पुसून टाकली, हे खरे आहे. आमच्या यादीतील चारही वृद्ध ऐंशीच्या पुढचे आहेत. विरूळचे मुद्रण म्हणून पावसाळ्यापर्यंत न थांबता येत्या रविवारीच घेण्याचे ठरविले आहे.